पत्र द्यायचं आहे

त्या रविवारी दादरच्या चौपाटीवर सफाई करताना आम्ही कचऱ्याच्या ४६ गोण्या भरल्या होत्या. पौर्णिमा आदल्याच दिवशी होऊन गेलेली, त्यामुळे सकाळी सातच्या सुमारास पाणी पार आत गेलं होतं. ओली वाळू उघडी पडली की तिच्यात रुतलेल्या चिंध्या दिसायला लागतात. साड्यांचे तुकडे, देवघरातली लाल कापडं, पोत्यांचे धागे. ते ओढून काढणं हे या कामातलं सगळ्यात जड काम. साडेनऊपर्यंत आम्ही ते केलं, गोण्यांची तोंडं सुतळीने बांधली आणि भिंतीच्या पायथ्याशी त्या ओळीने लावून ठेवल्या. साडेदहाला गाडी येऊन त्या उचलणार होती.

गाडी आली नाही. अकरापर्यंत थांबून माणसं घरी गेली, कारण रविवार होता आणि घरोघरी जेवायला पाहुणे होते. दुपारी एकच्या सुमारास उधाणाची भरती आली. तीन वाजता जवळच राहणाऱ्या एका काकांनी किनाऱ्यावर जाऊन फोटो पाठवला. नऊ गोण्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकीच्यांपैकी काही फुटल्या होत्या, काही दिसतच नव्हत्या, आणि पाण्याच्या रेषेवर चपला, थर्माकोल आणि आम्ही सकाळी उपसलेल्या चिंध्या पुन्हा पसरल्या होत्या.

गाडी का आली नाही, हे शोधायला मी रात्री आमच्या सफाईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे संदेश मागे मागे सरकवत गेले. पालिकेच्या चौकीवर आम्ही दरवेळी आधी पत्र देतो, त्यावर गाडीची वेळ ठरते. चौकीवरच्या कोणाचीही चूक नव्हती, कारण या वेळी पत्र गेलंच नव्हतं. मंगळवारी रात्री ग्रुपवर एक संदेश होता: 'गाडीसाठी चौकीवर पत्र द्यायचं आहे.' त्याखाली सात अंगठे होते. संदेश मीच लिहिला होता.

त्या वाक्याकडे मी बराच वेळ पाहत बसले. 'पत्र द्यायचं आहे.' मराठीच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. शाळेतल्या बाईंनी बरोबरची खूण केली असती. पण त्यात माणूस नाही. पत्र आहे, देणं आहे, देणारा नाही. आपल्या भाषेत हे फार सहज होतं. पिशव्या आणायच्या आहेत. हातमोजे बघायला हवेत. त्यांना कळवलं पाहिजे. वाक्य पूर्ण वाटतं, ऐकणाऱ्याला काम मार्गी लागल्यासारखं वाटतं आणि कर्त्याची जागा मोकळीच राहते. दुसरी तऱ्हा 'आपण'ची. 'आपण सांगूया चौकीवर.' या 'आपण'मध्ये बोलणारा येतो, ऐकणारा येतो, ग्रुपमधले एकशे दहा जण येतात, आणि बुधवारी सकाळी छत्री घेऊन चौकीपर्यंत चालत जाणारा एकही येत नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी पहिलं साप्ताहिक पत्रक लिहिलं आणि ग्रुपच्या माथ्यावर पिन केलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली.

सुरुवातीला मी ते इतिवृत्तासारखं लिहीत असे. आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी अनेक वर्षं सभेची इतिवृत्तं लिहिली आहेत, त्यामुळे हात त्याच वळणाचा. कोण काय म्हणालं, सूचक कोण, अनुमोदक कोण, चर्चेअंती काय झालं. पण इतिवृत्त मागे पाहणाऱ्यासाठी असतं. उद्या वाद झाला तर काय बोलणं झालं होतं, हे त्यात सापडावं लागतं. रविवारी किनाऱ्यावर यायचं की नाही, एवढंच ज्याला लोकलमध्ये उभ्याने बघायचं आहे, त्याच्या ते कामाचं नाही. माझं पहिलं पत्रक बासष्ट ओळींचं होतं. व्हॉट्सॲप लांब संदेश दुमडून ठेवतं आणि खाली 'पुढे वाचा' दाखवतं. नेमकी कामांची यादी त्या घडीच्या आत गेली होती. मंगळवारी चार जणांनी वेळ विचारली, ती पत्रकात लिहिलेली असताना. पत्रक फसलं हे कळण्याची ही सगळ्यात साधी खूण आहे. त्यात असलेलीच गोष्ट लोक ग्रुपवर विचारायला लागले, तर दोष त्यांचा नसतो. ती गोष्ट चुकीच्या जागी बसलेली असते.

आता पत्रक वीसेक ओळींच्या वर जाऊ देत नाही. तिथवर कसं येते, हे एका आठवड्यावरून सांगते. नावं इथे देत नाही, आमच्यात रूढ झालेली नाती देते.

आठ तारखेला, रविवारी, सफाई झाली. त्या दिवसापासून सोमवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तीनशेच्या वर संदेश आले. त्यातले निम्मे फोटो आणि 'खूप छान' होते. उरलेल्यांत पाच विषय होते. पुढची सफाई कधी, हातमोजे संपलेत, गाडीचं पत्र, एका कॉलेजच्या एनएसएसच्या सरांनी चाळीस विद्यार्थी आणायची परवानगी मागितली होती, आणि टी-शर्ट. एकट्या टी-शर्टवर नव्वदेक संदेश होते.

सोमवारी रात्री बसून सगळं वाचून काढायचं ठरवलं तर ते होत नाही. मी दोन आठवडे तसं केलं आणि तिसऱ्या आठवड्याला कंटाळले. म्हणून आता आठवडाभर वाचता वाचताच खुणा करते. ज्या संदेशात काही ठरतं आहे, कोणी काम अंगावर घेतं आहे किंवा कोणी उत्तर मागतं आहे, त्यावर बोट दाबून तारा लावायचा. ताऱ्याची खूण फक्त आपल्याला दिसते, इतरांना त्याचा पत्ता लागत नाही. सोमवारी ग्रुपच्या माहितीत जाऊन तारांकित संदेश उघडले की आठवड्याचा कस हातात येतो. त्या आठवड्यात अकरा तारे होते. लिहायला बसण्याचं काम त्यामुळे वीस मिनिटांचं होतं. खरा वेळ जातो तो फोन करण्यात, आणि तो तसा जायलाच हवा.

फोन कशासाठी? तर 'हो' घेण्यासाठी. अंगठा म्हणजे हो नव्हे, हे आम्ही त्या गोण्यांच्या रविवारी शिकलो. आपल्याकडे एके काळी अंगठा उठवला की सही झाली असं धरत. मोबाइलवरच्या अंगठ्यात तेवढा भार नाही. एकासाठी त्याचा अर्थ 'वाचलं', दुसऱ्यासाठी 'छान कल्पना', तिसऱ्यासाठी 'कोणीतरी करा'. 'मी करतो' या अर्थाने अंगठा देणारेही असतात, पण चित्रावरून ते ओळखता येत नाही. म्हणून नियम असा की माणसाच्या तोंडून किंवा त्याने लिहिलेल्या शब्दांतून होकार आल्याशिवाय पत्रकात त्याचं नाव घालायचं नाही.

त्या सोमवारी गोणीकाकांना फोन केला. भिंतीजवळच्या गोण्यांचा फोटो त्यांनीच काढला होता, तेव्हापासून हे नाव.

"काका, चौकीवरचं पत्र तुम्ही द्याल, असं ताई म्हणाल्या. लिहू का तुमचं नाव?"

"लिही की. कधीपर्यंत?"

"सफाई बावीसला आहे. सोमवारी सोळाला जमेल?"

"सोमवारी नको गं. सोमवारी मी मुलीकडे डोंबिवलीला. बुधवार लिही. आणि नुसतं पत्र दिलं असं लिहू नकोस. पोच घेईन शिक्क्याची आणि फोटो टाकीन. मग तुझ्या जिवाला घोर नाही."

हा फोन केला नसता तर पत्रकात 'सोमवार' गेलं असतं, काका डोंबिवलीला असते, मंगळवारी कोणीतरी ग्रुपवर 'पत्राचं काय झालं?' विचारलं असतं आणि सत्तरीच्या माणसाला सगळ्यांसमोर खुलासा द्यावा लागला असता. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी माणूस काम घेताना कचरतो. शिवाय 'पत्र देणं' हे काम कधी पुरं झालं असं धरायचं, ते काकांनीच ठरवलं: पोच हातात आल्यावर. कामाची अखेर करणाऱ्याने सांगितली की ती खरी असते.

त्या रात्री पिन केलेलं पत्रक असं होतं:

```
*पुढची सफाई: रविवार २२, सकाळी ६:१५*
*(१५ तारखेला नाही)*

ठरलं
१. १५ ला सफाई नाही. त्या दिवशी सकाळी
   भरती, ओहोटी दुपारी साडेबाराच्या पुढे.
२. भरलेल्या गोण्या भिंतीच्या वर,
   रस्त्याच्या बाजूला ठेवायच्या.

करणार
१. गोणीकाका चौकीवर पत्र देतील,
   पोचेचा फोटो टाकतील. बुध. १८
२. बँकेतल्या ताई हातमोज्यांचे ३० जोड
   आणतील. शुक्र. २०
३. प्रथमोपचार पेटी तपासणे:
   कोणी घेतलेलं नाही.

ठरलं नाही
१. कॉलेजचे ४० विद्यार्थी. मत बुधवार ११
   रात्रीपर्यंत. गुरुवारी सरांना उत्तर.
२. टी-शर्ट.
```

'करणार'खाली कर्ता आधी, मग क्रियापद, मग तारीख. 'पत्र द्यायचं आहे' नाही, 'काका पत्र देतील'. 'ठरलं'मधल्या दुसऱ्या ओळीत मात्र 'ठेवायच्या' असंच आहे आणि ते मी बदलत नाही, कारण तिथे कर्ता खरोखरच सगळे आहेत. ज्याच्या हातात गोणी, त्याने ती वर ठेवायची. वाक्यात माणूस नसणं नेहमीच चूक नाही. एकाने करायचं काम त्या साच्यात घातलं की घोटाळा होतो.

आता 'ठरलं'मधल्या पहिल्या ओळीतलं 'का'. पंधरा तारखेला सफाई का नाही, हे एका ओळीत लिहिलं आहे, आणि ती ओळ लिहायला मला एका कोळी मावशींनी शिकवलं. आम्ही सुरुवातीला दर रविवारी सकाळी सातला जमत असू. एका रविवारी भरपूर किनारा मिळे, पुढच्या रविवारी पाणी भिंतीशी. असं का होतं, हे आमच्यातल्या कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. मावशी आमच्याकडे बघत असत. त्यांनी एक दिवस तिथीवरून सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईला भरती दुपारी बारा-एकला येते, म्हणजे सकाळी सहा-सातला ओहोटी. अष्टमीच्या आसपास उलटं. सकाळी सहा-सातला भरती आणि ती भांगाची, जोर कमी, पण पाणी उतरतही नाही फारसं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती सहा तासांच्या जवळपास सरकते, म्हणून एक रविवार ओहोटीचा आणि पुढचा भरतीचा. पंधरा दिवसांनी पुन्हा सकाळची ओहोटी मिळते, फक्त चाळीसेक मिनिटं अलीकडे. आठ तारखेला सातला होती, तर बावीसला साडेसहाच्या आतच.

हे कळल्यावर आम्ही 'एक रविवार सोडून सफाई' असं ठरवलं आणि मी पत्रकात फक्त निर्णय लिहिला. कारण लिहिलं नाही. दोन महिन्यांनी नवी माणसं आली आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली, दर रविवारी का नाही, उत्साह कमी झाला का? प्रश्न योग्य होता आणि उत्तर पत्रकात नव्हतं, म्हणून तोच विषय पुन्हा तीन दिवस चालला. वाईट म्हणजे जुन्यांपैकीही काहींना कारण आठवेना. आणि या निर्णयाला मुदतही आहे. दर पंधरवड्याला ओहोटी चाळीस मिनिटं अलीकडे येत राहिली की चार-पाच सफायांनंतर ती पहाटे चारला पोचते. मग एक आठवडा घसरून पुन्हा मांडणी करावी लागते. 'एक रविवार सोडून' एवढंच डोक्यात राहिलं तर माणसं अंधारात येऊन उभी राहतील. कारण लिहिलेलं असलं की कारण बदललं तेव्हा निर्णयही बदलायचा आहे, हे कोणालाही दिसतं.

मावशींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मी पत्रक मिनिटभराच्या आवाजात वाचून वेगळं पाठवते. मोठ्याने वाचताना एखादं वाक्य अडखळलं तर ते लिहितानाही चुकलेलं असतं, म्हणून आता आधी वाचते, मग टाकते.

सगळ्यात शेवटी 'टी-शर्ट' हा एकच शब्द आहे, नव्वद संदेशांचा. यामागे माझी एक चूक आहे आणि ती गोण्यांहून मला जास्त लागली, कारण तिने माणसं दुखावली. पहिल्या वर्षीही टी-शर्टची चर्चा झाली होती. तिघेचौघे रंगावर, छपाईवर, किमतीवर दोन दिवस उत्साहाने बोलत होते, कोणी विरोध केला नाही, आणि मी पत्रकात 'ठरलं'खाली लिहिलं: टी-शर्ट निळे, प्रत्येकी २५० रुपये. रात्री साडेअकराला एका मुलाचा मला वेगळा संदेश आला. तो धारावीहून येतो, सकाळी पेपर टाकतो आणि तिथूनच सरळ किनाऱ्यावर. त्याने एवढंच विचारलं होतं: "ताई, हे कधी ठरलं?"

कधीच ठरलं नव्हतं. चौघं बोलली होती आणि एकशेसहा गप्प होती. त्या गप्प बसण्यात कोणाची परवडत नाही म्हणून शांतता होती, कोणाची वाचलंच नाही म्हणून. पत्रक लिहिणाऱ्याच्या हातात ही जी ताकद येते, ती बाहेरून दिसत नाही. जे पिन झालं ते खरं, असं लोक धरून चालतात. बोलणं किती झालं यावर निर्णय झाला की नाही, हे ठरत नाही. पुष्कळदा जास्त बोलणं हेच न ठरल्याचं लक्षण असतं. दुसऱ्या दिवशी मी ते पत्रक काढलं, नवं टाकलं आणि त्या मुलाला फोन केला.

तेव्हापासून 'ठरलं नाही' हा भाग पत्रकात कायमचा आला, आणि मला विचाराल तर तोच लिहायला सगळ्यात कठीण आहे. कारण ज्यांनी नव्वद संदेश लिहिले, त्यांना तो एक शब्द अपमानासारखा वाटू शकतो. पण त्या भागामुळे 'ठरलं'वर विश्वास बसतो. एखादी गोष्ट 'ठरलं'मध्ये जायची तर आता तिचा प्रश्न एका वाक्यात ग्रुपवर विचारला जातो, मत द्यायला दिवस आणि वेळ सांगितली जाते आणि ती वेळ उलटल्यावरच मी ती वरच्या भागात नेते. कॉलेजच्या चाळीस विद्यार्थ्यांचं असंच झालं. बुधवार रात्रीपर्यंत सहा मतं आली. त्यात एकाने विचारलेली गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती: चाळीस जण वाढले तर तीस जोड हातमोजे कसे पुरणार? मग सरांना उत्तर गेलं की या वेळी वीसच आणा, आणि हातमोजे त्यांचे त्यांनी आणावेत. टी-शर्टला मात्र तारीख नाही, कारण कोणी प्रश्नच नेमका विचारलेला नव्हता. ज्याला हवे आहेत त्याने तो एका वाक्यात मांडला की तारीख मिळेल.

पिन करण्याच्या काही खाचाखोचा सांगते, कारण त्यात मी ठेचा खाल्ल्या आहेत. पिन करताना व्हॉट्सॲप मुदत विचारतं: २४ तास, ७ दिवस की ३० दिवस. साप्ताहिक पत्रक म्हणून मी सात दिवस निवडत असे. पण एका सोमवारी मला ताप होता, पत्रक झालं नाही, आणि जुनं आपोआप उतरलं. ग्रुपच्या माथ्यावर काहीच उरलं नाही. आता मी ३० दिवसांची मुदत देते आणि नवं लावल्यावर जुनं हाताने काढते. पत्रक एक आठवडा चुकलं तरी शिळं का होईना, काहीतरी दिसत राहतं, आणि वर तारीख असल्यामुळे ते शिळं आहे हेही दिसतं. एका ग्रुपमध्ये तीन संदेश पिन करता येतात. आम्ही दोनच वापरतो. एक पत्रक, दुसरा कधी न बदलणारा: कुठे जमायचं, काय आणायचं, काच लागली तर काय करायचं.

माथ्यावरच्या पट्टीत संदेशाची पहिली ओळच काय ती दिसते. म्हणून पहिल्या ओळीत 'साप्ताहिक पत्रक' असं शीर्षक लिहिणं म्हणजे सगळ्यात मोलाची जागा वाया घालवणं. तिथे तारीख-वेळ हवी. कोणी फक्त पट्टी बघून फोन खिशात टाकला तरी तो योग्य रविवारी येईल.

नव्या माणसांचं अजून नीट सुटलेलं नाही. ग्रुपमध्ये येण्याआधी पिन झालेला संदेश नव्या माणसाला दिसत नाही. आम्हाला सगळ्यांना माथ्यावर पत्रक दिसतं, म्हणून आम्ही गृहीत धरतो की त्यालाही दिसतं. एक मुलगी मंगळवारी आली आणि पुढच्या रविवारी, भरतीच्या, एकटीच किनाऱ्यावर उभी होती. त्यानंतर नवं कोणी आलं की ज्याने आणलं त्याने दोन्ही संदेश त्याला पाठवायचे, असं ठरवलं. ते बहुतेकदा होतं, नेहमी होत नाही.

पत्रक सोमवारीच का, तर रविवारी संध्याकाळी माणसं थकलेली असतात आणि ग्रुपवर फोटोंचा पूर असतो. बुधवार उशिरा होतो, कारण चौकी, बँक, दुकान या कामांना कामाचे दिवस हातात हवेत. रात्री नऊच्या सुमाराला बहुतेकजण लोकलमधून उतरून घरी पोचलेले असतात.

आणखी एक गोष्ट आहे, पुढे ढकलल्या जाणाऱ्या कामांची. काम झालं नाही तर ते पुढच्या पत्रकात जातं, पण नुसतं नाही. पुढे 'दुसरा आठवडा' असं लिहिते. हे कोणाला बोचावं म्हणून नाही. तीच ओळ तशीच्या तशी तीन आठवडे दिसली तर ती डोळ्यांना दिसेनाशी होते, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखी. तिसऱ्या आठवड्याला मी लिहीत नाही, फोन करते. प्रथमोपचार पेटीचं काम असंच तीन आठवडे अडलं होतं. तेव्हा ते एका दादाच्या नावावर होतं. तो आळशी नव्हता. पेटी ज्या इमारतीच्या मीटरखोलीत ठेवलेली होती, तिथली किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन गावी गेलेला. दादाला हे ग्रुपवर सांगायला संकोच वाटत होता. फोनवर दोन मिनिटांत कळलं. काम खरं तर दोन कामं होती: किल्ली मिळवणं आणि पेटी बघणं. पहिलं त्या इमारतीत राहणाऱ्या आजींनी केलं, आणि दादाने प्रांजळपणे सांगितलं की दुसरं आता त्याला जमणार नाही, परीक्षा आहे. मी त्याचं नाव काढलं.

म्हणून नऊ तारखेच्या त्या पत्रकात पेटीपुढे 'कोणी घेतलेलं नाही' असं होतं. ही ओळ लिहिताना दरवेळी हात थांबतो. पूर्वी अशा जागी मी माझं नाव घालत असे, किंवा जवळच्या कोणाचं, ओळ मोकळी दिसू नये म्हणून. वर्षभरात माझ्या नावावर नऊ कामं साचली होती आणि त्यातली पाच रखडली होती. मोकळी जागा मोकळी दिसू देणं हे आता मी कटाक्षाने करते.

त्या रात्री ९:१० ला पत्रक टाकलं, जुनं काढलं, नवं पिन केलं आणि मावशींसाठी आवाजात वाचून पाठवलं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, त्यानंतर नाही. म्हणून मी तेवढा वेळ फोन हातातच ठेवते. कोणाची तारीख चुकली, कोणाचं नाव राहिलं, हे याच वेळात कळतं. ९:२१ ला एका मुलीचा संदेश आला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोनदाच किनाऱ्यावर आलेली, ग्रुपवर तोवर एकही शब्द लिहिलेला नव्हता.

"पेटी मी बघते. चालेल ना?"

"चालेल गं. कधीपर्यंत लिहू?"

"शनिवार १४. मला शुक्रवारी सुट्टी आहे, पण एक दिवस जास्तीचा ठेवा. काय संपलंय त्याची यादी टाकेन."

चार मिनिटं शिल्लक होती. मी संदेश उघडला, 'कोणी घेतलेलं नाही' पुसलं, तिथे तिचं नाव लिहिलं, पुढे 'यादी टाकेल. शनि. १४', आणि पाठवून दिलं.